मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत

शुक्रवारी, ९ जानेवारीला संध्याकाळी पावणेपाचला माझ्या भाचीला पुण्याच्या एका कंपनीचं ऑफर लेटर मेलवर आलं. पद सीनियर कॉस्टिंग एक्झिक्युटिव्ह, पॅकेज वर्षाला ७ लाख २० हजार. शेवटच्या पानावर एक ओळ होती: मंगळवार, १३ जानेवारी, संध्याकाळी सहापर्यंत स्वीकृती कळवावी, त्यानंतर ही ऑफर रद्द समजावी.

एरवी पेढे वाटायची गोष्ट. पण तिला हवी होती ती सोलापूरची नोकरी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल निर्यातदाराकडे तिच्या दोन मुलाखती झाल्या होत्या. दुसरी २ जानेवारीला, थेट वित्तप्रमुखांबरोबर. "पुढच्या आठवड्यात कळवतो," असं ते म्हणाले होते, आणि तो पुढचा आठवडा त्या शुक्रवारी संपत आला होता.

मी बावीस वर्षं कारखान्यांच्या एचआरमध्ये काढली. ऑफर देणाऱ्या बाजूला बसून अशा चार-पाच दिवसांच्या मुदती मी स्वतः शेकड्यांनी घातल्या आहेत. म्हणून बहिणीनं रात्री आठला फोन केला. "दादा, तुझी ओळख आहे ना त्या मालकांशी? एक फोन टाक की."

ओळख होती. फोन मी टाकला नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी सोलापूरची नोकरी खरंच हवी आहे का, हे आम्ही कागदावर तपासलं. पुण्याचे ७ लाख २० हजार म्हणजे महिन्याला ६० हजार दिसतात. त्यातले ६ हजार व्हेरिएबल, म्हणजे वर्षाअखेरीस मिळाले तर मिळाले. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे १,२०० हेही पॅकेजमध्येच मोजलेले. वर तिचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसायकर २०० जाणार. हातात ४९ हजार. सोलापुरात तिनं सहा लाख सांगितले होते, त्यात व्हेरिएबल नव्हतं. तिथं याच हिशेबानं हातात साधारण ४५ हजार पडत होते. फरक चार हजारांचा, आणि ती पुण्यात राहण्या-जेवण्याचे ११ हजार देत होती. शिवाय आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात ठरलेलं. सोलापूरची ऑफर येणार असेल तर ती धरण्यासारखी होती, हे पाच मिनिटांत दिसलं. हे दिसलं नसतं तर घाई करायला सांगण्यात अर्थच नव्हता. नको असलेल्या कंपनीला मुदत दाखवून पळवायचं आणि मग नकार द्यायचा, असं करणारे उमेदवार मी पाहिलेत. सोलापूरसारख्या गावात ते नाव पुढची दहा वर्षं पुरतं.

मधल्या माणसानं काय केलं

मला फोन येण्याआधी तिनं एक गोष्ट करून टाकली होती. सोलापूरच्या कंपनीचा निरोप तिला एका प्लेसमेंट कन्सल्टंटमार्फत आला होता, म्हणून तिनं साडेपाचला त्यालाच फोन करून सांगितलं, "मला दुसरी ऑफर आलीये, सात-वीसची, मंगळवारपर्यंत उत्तर द्यायचंय." तो म्हणाला, "काळजी करू नका मॅडम, मी बोलतो."

तो बोलला. एचआरला त्यानं पाठवलेला निरोप आम्हाला नंतर कळला: 'कँडिडेटकडे ७.२० ची ऑफर आहे, मॅच होईल का?'

यात त्याची लबाडी होती असं मला वाटत नाही. कन्सल्टंटची फी उमेदवाराच्या पगारावर ठरते, बहुतेक ठिकाणी एका महिन्याच्या पगाराएवढी. त्याच्या कानाला 'सात-वीस' हाच आकडा ऐकू आला. मंगळवार त्यात हरवला. एचआरच्या टेबलावर तो निरोप पोचला तेव्हा वेळेच्या विनंतीची पगारवाढीची मागणी झाली होती. त्या जागेचं बजेट सहा लाखांचं होतं, मग काय, तिचं नाव खाली सरकलं. कोणी तिला नाही म्हटलं नाही. फक्त कोणी काही केलं नाही.

अशा वेळी उमेदवाराला बाहेरून ओळखता येण्याजोगी एकच खूण असते: कन्सल्टंट "बोललोय" म्हणतो, पण कोणाशी, कधी आणि ते काय म्हणाले हे सांगू शकत नाही. रात्री आम्ही त्याला पुन्हा फोन केला, तर नेमकं हेच. तेव्हा ठरवलं की पत्र थेट कंपनीला जाईल आणि कन्सल्टंट सीसीमध्ये राहील. त्याला वगळायचं नाही. उमेदवार त्याच्यामार्फत आला या नोंदीवर त्याची फी अवलंबून असते, आणि वगळला तर तो दुखावून आणखी घोळ घालू शकतो.

पत्र

मुलाखतीच्या निमंत्रणावर एचआर अधिकारी आणि वित्तप्रमुख, दोघांचे मेल पत्ते होते. रात्री साडेनऊला पत्र गेलं. मूळ इंग्रजीत होतं, मराठीत ते असं:

'२ जानेवारीच्या भेटीबद्दल आभार. प्रत्येक डाय-लॉटमागे टॉवेलचा खरा खर्च किती पडतो, हे काढण्याची पद्धत बसवायचं जे काम तुम्ही समजावून सांगितलंत, ते मला करायला आवडेल. माझं घर सोलापुरात आहे आणि मला इथंच स्थिर व्हायचं आहे. तुमची कंपनी माझी पहिली पसंती आहे.

आज मला दुसऱ्या एका कंपनीची लेखी ऑफर मिळाली असून मंगळवार, १३ जानेवारीपर्यंत उत्तर द्यायचं आहे. तुमचा निर्णय कळण्याआधी तिथं उत्तर देण्याची माझी इच्छा नाही. सोमवारी, १२ तारखेला संध्याकाळपर्यंत निर्णय कळवणं शक्य होईल का? आणखी एखादी भेट बाकी असल्यास मी शनिवारी किंवा रविवारी सोलापुरात येऊ शकते.

पगाराची माझी अपेक्षा मुलाखतीत सांगितली तीच आहे, वर्षाला सहा लाख. नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे. पगारपत्रकं आणि प्रमाणपत्रं सोबत जोडली आहेत.'

तिच्या पहिल्या मसुद्यात शेवटी एक वाक्य होतं: 'अन्यथा मला ती ऑफर स्वीकारावी लागेल.' ते मी काढायला लावलं. मुदत सांगितली की पुढचं वाचणाऱ्याला कळतं. ते उघड लिहिलं की वाचणारा धमकी वाचतो आणि 'मग घ्या' म्हणायला मोकळा होतो.

खरी मुदत मंगळवारची असताना पत्रात सोमवार का मागितला, असं भाचीनं विचारलं. कारण कंपनीचं 'हो' आल्यावरही तिला काहीतरी वाचायला, विचारायला आणि दुरुस्त करून घ्यायला वेळ लागणार होता. शेवटच्या क्षणी आलेलं 'हो' अपुरं असलं तर दुरुस्तीला जागाच उरत नाही. आमच्या बाबतीत नेमकं तेच झालं, ते पुढे.

पुण्याच्या कंपनीचं नाव पत्रात नाही. पगारही नाही. पगार आधीच कन्सल्टंटकडून गेलेला होता, म्हणून 'माझी अपेक्षा तीच' हे वाक्य मुद्दाम घातलं. त्या एका वाक्यानं आदल्या निरोपाचं विष काढलं. पुण्याचा आकडा वापरून सोलापूरकडून सहाचे साडेसहा मागता आले नसते का? आले असते, आणि माझे काही जुने सहकारी म्हणतील की मागायलाच हवे होते. माझं मत वेगळं आहे. एका पत्रात वेळ मागावी किंवा पैसे मागावेत. दोन्ही मागितलं की पत्र मालकापर्यंत जातं, बजेटवर चर्चा सुरू होते, आणि जी गोष्ट दोन दिवसांत व्हायची ती दोन आठवड्यांवर जाते. तिच्याकडे चार दिवस होते.

एक गोष्ट मात्र आधीच तयार ठेवली. आपल्याकडचे एचआर 'ऑफर लेटर पाठवा' असं सर्रास म्हणतात, कारण नसलेल्या ऑफरची भीती घालणारे उमेदवार त्यांना रोज भेटतात. म्हणून पुण्याच्या ऑफर लेटरचं पहिलं पान आणि मुदतीची ओळ, कंपनीचं नाव आणि पगार झाकून, फोनमध्ये ठेवलं. मागितलं तर दाखवायचं. ज्याची ऑफर खरी आहे त्याला यात अडचण नसते. जो थाप मारतो तो इथंच सापडतो.

आत काय अडलेलं असतं

बाहेरून वाटतं की कंपनी 'विचार करतेय'. बहुतेक वेळा विचार संपलेला असतो, कागद अडलेला असतो. मुलाखत घेणाऱ्यानं होकार दिल्यावर पगार ठरवावा लागतो, म्हणजे त्याच विभागातल्या जुन्या माणसांच्या पगाराशी तो विसंगत नाही हे बघावं लागतं. मग मंजुरी, मग पत्राचा मसुदा, मग सही. यातला निर्णय दहा मिनिटांचा असतो. उरलेला वेळ सही करणारा माणूस जागेवर नसल्याचा असतो.

सोलापुरातल्या घरगुती मालकीच्या कारखान्यांत तर हे फार ठळक आहे. पन्नास माणसांचा असो की पाचशेंचा, नेमणुकीचं शेवटचं 'हो' मालकाचं. एचआर अधिकारी कागद करतात. म्हणून घाईची विनंती एकट्या एचआरला करून भागत नाही. ती अशा माणसाकडे जायला हवी ज्याला ही नेमणूक स्वतःला हवी आहे आणि जो मालकाच्या केबिनमध्ये जाऊन बोलू शकतो. इथं तो माणूस वित्तप्रमुख होता. कॉस्टिंगची जागा रिकामी असल्याचा त्रास त्यालाच होत होता.

मी मालकांना फोन का केला नाही, ते इथं लक्षात येईल. माझा फोन गेला असता तर वित्तप्रमुखांना वाटलं असतं की ही मुलगी आपल्या डोक्यावरून गेली. नोकरी कदाचित मिळाली असती. पण तिला रोज काम त्या माणसाच्या हाताखाली करायचं होतं.

आणि वेळेचा तिढा आणखी होता. जानेवारीचा दुसरा आठवडा सोलापुरात गड्ड्याचा. सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वज, अक्षता सोहळा. निम्मं ऑफिस रजेवर आणि उरलेलं निम्मं अर्ध्या दिवसाच्या मूडमध्ये. त्याच सुमारास फ्रँकफर्टला हाइमटेक्स्टिल भरतं, घरगुती कापडाचं जगातलं मोठं प्रदर्शन. टॉवेल निर्यात करणाऱ्यांना ते चुकवून चालत नाही. मालक रविवारी रात्री निघणार होते. म्हणजे भाचीनं 'सोमवारी ऑफिस उघडल्यावर लिहिते' असं म्हटलं असतं, तर ते पत्र रिकाम्या खुर्चीला गेलं असतं. हे आम्हाला शुक्रवारी माहीत नव्हतं. म्हणूनच ऑफर आली त्याच दिवशी लिहायचं असतं: पलीकडचं वेळापत्रक आपल्याला दिसत नाही.

शनिवारी सकाळी अकराला वित्तप्रमुखांचा फोन आला. "बरं झालं कळवलंत. साहेब उद्या रात्री निघतायत. सकाळी दहाला येता का? व्हिडिओवर बोललात तरी चालेल." ती शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापुरात आली. व्हिडिओवर भागलं असतं. पण 'मला सोलापुरातच राहायचंय' असं लिहिणाऱ्या मुलीनं घरी येऊन भेटणं शोभत होतं, आणि आईलाही पाहायचं होतं.

पुण्याकडे मागितलेला वेळ

पुण्याला वेळ वाढवून मागायचा तो सोलापूरची भेट ठरल्यावर, असं मी सांगितलं होतं. आधी मागितला असता तर किती दिवस लागतील हेच माहीत नसतं, आणि 'थोडा वेळ द्या' या विनंतीला कोणीही तारीख देत नाही. आता तिला ठाऊक होतं की रविवारी भेट आहे आणि कागद यायला दोन-तीन दिवस लागतील. शनिवारी दुपारी तिनं पुण्याच्या एचआरला फोन केला. ऑफरबद्दल आभार मानले, घरच्यांशी बोलायला सोलापुरात जाते आहे हे सांगितलं आणि गुरुवार संध्याकाळपर्यंतचा वेळ मागितला.

हे खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. दुसऱ्या कंपनीचा निर्णय बाकी आहे हे सांगावं का, यावर आमचं थोडं वाजलं. माझं म्हणणं, विचारलं तर सांगायचं, खोटं बोलायचं नाही, आणि न विचारता उलगडून मांडायचं नाही. त्यांनी विचारलं नाही.

गुरुवार संध्याकाळऐवजी गुरुवार दुपारी बारा मिळाले. मी त्या खुर्चीत असतो तर मीही एवढेच दिले असते. ऑफर देणाऱ्याकडे दुसऱ्या क्रमांकाचा एक उमेदवार असतो. त्याला अजून 'नाही' कळवलेलं नसतं, आणि तो किती दिवस गप्प बसेल यावर पहिल्याला द्यायचा वेळ ठरतो. दोन दिवस निघतात. दोन आठवडे निघत नाहीत. मुदती मुळात इतक्या तोकड्या का असतात, त्याचंही कारण आहे: आपल्याकडे ६० आणि ९० दिवसांचे नोटीस पिरियड असतात, आणि त्या काळात उमेदवार ऑफर हातात घेऊन दुसरीकडे फिरतो हे प्रत्येक एचआरनं सोसलेलं असतं.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. वाढीव वेळ फोनवर मिळाला होता. मी तिला लगेच मेल करायला लावला: 'आपल्या बोलण्याप्रमाणे १५ जानेवारी दुपारी बारापर्यंत उत्तर देण्याची मुदत वाढवल्याबद्दल आभार. कृपया याला दुजोरा द्यावा.' तासाभरात 'कन्फर्म्ड' असं उत्तर आलं. हा सोपस्कार नाही. १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम ६ प्रमाणे प्रस्तावात स्वीकृतीसाठी घातलेली मुदत संपली की तो प्रस्ताव आपोआप मागे घेतला गेला असं धरतात. कोणी रद्द करायची गरज पडत नाही. मंगळवारी सहानंतर 'पण तुमच्या मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या' हे सांगत बसावं लागलं असतं. आणि कलम ५ उलट बाजूनंही चालतं: तुम्ही स्वीकारण्याआधी कंपनी प्रस्ताव मागे घेऊ शकते, मुदत शिल्लक असली तरी. म्हणून वेळ मागताना सूर असा ठेवायचा की पलीकडच्याला 'ही येणार नाही' असं वाटू नये. मागायचं एकदाच, तारीख घालून. दुसऱ्यांदा मागणारा उमेदवार येत नाही, हे एचआरच्या अनुभवाचं गणित आहे.

'तुमची निवड झाली आहे'

रविवारची भेट वीस मिनिटांची झाली. मालकांनी कामाचं थोडं विचारलं, आणि मग अपेक्षित प्रश्न आला: "तिकडं किती देतायत?" तिनं आकडा खरा सांगितला. "आणि इथं सहावर का येताय?" तिनं आमचा कागदावरचा हिशेबच सांगितला, हातात किती आणि खर्च किती. कॉस्टिंगच्या मुलीनं स्वतःचंच कॉस्टिंग मांडलेलं पाहून ते हसले म्हणे. "बघू, करून टाकू," म्हणाले.

बहीण त्याच दिवशी शेजारी सांगायला निघाली होती. मी थांबवलं. 'करून टाकू' हे वाक्य मी इतक्या मालकांच्या तोंडून ऐकलंय, आणि ते बहुतेक मनापासूनच असतं. पण ते विमानात बसल्यावर ते वाक्य कोणाच्याही टेबलावर नसतं.

सोमवारी काही आलं नाही. एचआर अधिकारी यात्रेच्या रजेवर होते. मंगळवारी दुपारी तीनला मेल आला: 'आपली कॉस्टिंग ऑफिसर या पदासाठी निवड झाली आहे. सविस्तर ऑफर लेटर व्यवस्थापकीय संचालक परतल्यानंतर देण्यात येईल.'

भाचीला वाटलं, झालं. पुण्याला नकार कळवायला निघाली होती.

या मेलमध्ये काय नाही ते पाहा. पगार नाही. रुजू होण्याची तारीख नाही. मंजुरी कोणाची, हे नाही. ही बातमी आहे, प्रस्ताव नाही. स्वीकारण्यासारखं त्यात काही नाही. अशा मेलच्या भरवशावर दुसरी ऑफर सोडलेली माणसं मी पाहिलीत. त्यातल्या एकाला तीन आठवड्यांनी आलेल्या पत्रात ठरल्यापेक्षा ४० हजार कमी होते. फसवणूक नव्हती, कोणीतरी जुना तक्ता उघडला होता. पण तोवर त्याच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

इथं वाढवून मिळालेले दोन दिवस उपयोगी पडले. मूळ मुदतीप्रमाणे तिच्याकडे तीन तास असते. आता गुरुवार दुपारपर्यंत वेळ होता. तिनं आनंद कळवला आणि पुढे लिहिलं की औपचारिक पत्र नंतर आलं तरी चालेल, फक्त पद, वर्षाचा एकूण पगार व त्याची फोड, रुजू होण्याची तारीख आणि साहेबांची मंजुरी एवढं याच मेलवर मिळालं तर मी दुसरीकडचं उत्तर आजच कळवते. मसुदाही तिनंच लिहून दिला, चार ओळींचा, म्हणजे पलीकडच्याला फक्त आकडे तपासून पाठवायचे होते. ऑफर लेटरचा लेटरहेड, परिशिष्टं, कलमं यांना वेळ लागतो. चार ओळींना लागत नाही. मेलवर झालेला करार केवळ मेलवर झाला म्हणून अवैध ठरत नाही, हे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम १०अ मध्ये आहेच. पण खरं सांगायचं तर इथं कोर्टाचा प्रश्न नव्हता. मालकाच्या नजरेखालून आकडा गेला आहे, एवढंच पाहायचं होतं.

बुधवारी सकाळी वित्तप्रमुखांना तिनं एकच फोन केला. ते मिरवणुकीच्या गर्दीत होते, मागे हलगीचा आवाज. "दुपारी पाठवतो," म्हणाले. बाराच्या सुमारास त्यांनी तो मसुदा आकड्यांसह पाठवला: कॉस्टिंग ऑफिसर, वर्षाला ६,००,०००, रुजू १६ मार्च. मालक सीसीमध्ये. फ्रँकफर्टला तेव्हा सकाळचे साडेसात. स्टॉलवर उभं राहिलेला माणूस दिवसभर मेल बघत नाही, नाश्त्याला बघतो. सव्वा तासानं उत्तर आलं, एका शब्दाचं: 'अप्रूव्ह्ड.'

आलं नसतं तर

हे आम्ही शनिवारी रात्रीच ठरवलं होतं, डोकं थंड असताना. गुरुवारी सकाळी दहापर्यंत आकडा आणि मंजुरी लेखी आली नाही, तर पुण्याला 'हो' म्हणायचं, आणि म्हटलं की तिथंच जायचं. भाचीनं विचारलं होतं, "मामा, आधी पुण्याला हो म्हणून ठेवते, आणि इकडचं आलं तर सोडते. सगळे तसंच करतात की." करतात, खरंय. रुजू होण्याआधी मागे फिरणाऱ्यावर कंपन्या क्वचितच काही कारवाई करतात. पण पुण्याच्या ज्या एचआरनं तिला दोन दिवस दिले, तिच्या दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला त्याच दिवशी 'नाही' गेलं असतं. मी त्या टेबलावर बसलेलो असल्यानं मला हे पटत नाही, एवढंच तिला सांगितलं. निर्णय तिचा होता.

आणि सोलापुरातली ती जागा जिल्हा परिषदेची, सरकारी बँकेची किंवा एनटीपीसीसारख्या सार्वजनिक कंपनीची असती, तर यातलं काहीच चाललं नसतं. तिथं निकाल यादीनं आणि क्रमानं लागतो. एका उमेदवारासाठी यादी आधी लावण्याचा अधिकार कोणालाच नसतो, आणि विनंती केली तर फक्त पोच मिळते. तिथं वेळ मागायचा तो दुसऱ्या बाजूला.

बुधवारी संध्याकाळी पाचला तिनं पुण्याला फोन केला, मुदतीच्या एकोणीस तास आधी, आणि मग मेल. कारण एका वाक्यात: घरच्या जबाबदारीमुळे सोलापुरात राहायचं ठरवलं आहे. पलीकडच्या बाई थोड्या नाराज झाल्या, पण म्हणाल्या, "निदान वेळेत सांगितलंत. आमच्या दुसऱ्या कँडिडेटला आजच फोन करते."

राजीनामा मात्र तिनं त्या दिवशी दिला नाही. औपचारिक ऑफर लेटर सोमवारी, १९ तारखेला आलं. त्यातला आकडा मेलमधल्या आकड्याशी जुळला, आणि २० तारखेला तिनं नोटीस दिली. साठ दिवस मोजले तर १६ मार्च हुकत होता. वित्तप्रमुखांना तसं कळवलं, त्यांनी २३ मार्च, सोमवार करून दिला. कन्सल्टंटचा त्या संध्याकाळी मेसेज आला: 'अभिनंदन मॅडम, बोललो होतो ना.'